घटस्फोटित किंवा विधवा मुलीची फॅमिली पेन्शन कोणत्या तारखेवर ठरते?

वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन मिळत होती. आता आईही गेली. घरात एक मुलगी आहे, पन्नाशीच्या आसपासची, नवऱ्यापासून कायदेशीर वेगळी झालेली किंवा नवरा वारलेली, जिला स्वतःची म्हणावी अशी कमाई नाही. तिला ती पेन्शन पुढे मिळेल का?

सोसायटीतले कोणी सांगतात, "मिळते, माझ्या मावसबहिणीला मिळाली." बँकेत विचारलं तर उत्तर येतं, "मुलगी लग्न झालेली होती ना? मग नाही." दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य असतं आणि दोघांनीही मुद्द्याचा प्रश्न विचारलेला नसतो. तो प्रश्न असा: घटस्फोटाची केस कोर्टात कधी दाखल झाली, किंवा जावई कधी वारले, आणि त्या दिवशी आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात होतं का? बाकीच्या अटी महत्त्वाच्या आहेतच. पण मी पाहिलेले बहुतेक दावे याच तारखेवर अडतात किंवा सुटतात, म्हणून लेखाचा जास्त भागही तिलाच दिला आहे.

आधी हे कोणाला लागू आहे ते सांगतो. मी इथे केंद्र सरकारच्या नागरी सेवेतल्या जुन्या पेन्शनबद्दल बोलतो आहे, म्हणजे टपाल, आयकर, ऑडिट अशा खात्यांतले जे लोक 1 जानेवारी 2004 च्या आधी नोकरीला लागले त्यांच्याबद्दल. त्यांना केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 2021 लागू होतात आणि फॅमिली पेन्शन त्यातल्या नियम 50 मध्ये आहे. त्याआधी 1972 च्या नियमांतला नियम 54 होता, म्हणून जुन्या कागदांवर 54 दिसला तर गोंधळू नका. रेल्वे आणि संरक्षण दलांचे नियम वेगळ्या पुस्तकात आहेत, पण या बाबतीत त्यांची चाल साधारण अशीच आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना मात्र राज्याचे 1982 चे निवृत्तिवेतन नियम आणि त्यावरचे शासन निर्णय लागतात. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या मुलीने केंद्राचं परिपत्रक घेऊन कोषागारात वाद घालण्यात अर्थ नाही. तिने राज्याचा शासन निर्णयच मागायला हवा. एनपीएस या नव्या पेन्शन योजनेत राहून निवृत्त झालेल्यांच्या घरीही हा हिशेब चालत नाही, कारण तिथे पुढचं उत्पन्न घेतलेल्या अॅन्युइटीवर, म्हणजे विमा कंपनीच्या नियमित उत्पन्नाच्या योजनेवर ठरतं.

मुळात लग्न झालेली मुलगी या योजनेच्या बाहेरच होती. फॅमिली पेन्शन म्हणजे कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्यांची सोय, आणि लग्न झाल्यावर मुलगी नवऱ्यावर अवलंबून, असं सरळ गणित होतं. ऑगस्ट 2004 मध्ये केंद्राने आदेश काढला आणि विधवा व घटस्फोटित मुलींना 25 वर्षांच्या वयानंतरही फॅमिली पेन्शन मिळण्याची वाट मोकळी झाली. वयाची वरची मर्यादा राहिली नाही. चाळिशीतली असो की सत्तरीतली, मुलगी पात्र असू शकते. पण "अवलंबून" ही कल्पना तशीच राहिली आणि सगळ्या अटी तिच्यातूनच निघतात. सरकारची विचार करण्याची पद्धत अशी आहे: ही मुलगी नवऱ्याच्या घरून परत आई-वडिलांच्या आधाराला आली होती का? आली असेल तर तो आधार गेल्यावर सरकार उभं राहील. आई-वडील दोघंही गेल्यानंतर तिचा संसार मोडला असेल, तर ती त्यांच्यावर अवलंबून होती असं म्हणता येत नाही.

माणूस म्हणून हे ऐकायला कठोर वाटतं. संसार मोडण्याची वेळ कोणी ठरवून आणत नाही. पण नियम असाच आहे आणि तो नीट समजून घेतला तर निदान ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांना काही करता येतं.

विधवा मुलीच्या बाबतीत तारीख अगदी स्पष्ट असते. तिच्या नवऱ्याचा मृत्यू कर्मचारी किंवा पेन्शनर, किंवा त्यांचा जोडीदार, यांपैकी कोणीतरी हयात असताना झालेला हवा. वडील आधी गेले, आई मागे राहिली आणि आई असताना जावई वारले, तर अट पूर्ण झाली. आई गेल्यावर महिन्याभराने जावई वारले, तर झाली नाही. मृत्यूचे दोन दाखले शेजारी ठेवले की उत्तर मिळतं.

घटस्फोटाच्या बाबतीत हे इतकं सोपं नव्हतं, कारण घटस्फोट एका दिवसात होत नाही. कौटुंबिक न्यायालयात केस चार वर्षं चालते, सहा वर्षं चालते, समोरचा तारखेला येत नाही, समुपदेशन होतं, बदली होते. पूर्वी अट अशी वाचली जायची की डिक्रीच, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम निकालच, आई-वडिलांच्या हयातीत झालेला हवा. त्यामुळे केस वर्षानुवर्षं चालू असलेल्या आणि निकालाच्या आधी आई गेलेल्या मुली बाहेर पडत. त्यांचा दोष काय, तर कोर्ट संथ होतं. 19 जुलै 2017 च्या आदेशाने हे दुरुस्त झालं, आणि 2021 च्या नियमांतही ते आलं. आता घटस्फोटाची कार्यवाही सक्षम न्यायालयात आई किंवा वडील हयात असताना दाखल झाली असेल, तर डिक्री त्यांच्या मृत्यूनंतर आली तरी चालते. फक्त पेन्शन डिक्रीच्या तारखेपासून सुरू होते, आईच्या मृत्यूच्या तारखेपासून नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. नावं नकोत, माणसं काल्पनिक आहेत, पण तारखांची गुंतागुंत रोजच्या पाहण्यातली आहे.

वडील टपाल खात्यातून पुण्यात 2009 साली निवृत्त झाले. 2017 मध्ये ते वारले आणि आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. मोठी 2014 पासून माहेरी राहत होती, पण "बघू, समेट होईल" या आशेवर कोर्टात गेली नव्हती. शेवटी फेब्रुवारी 2019 मध्ये तिने शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. ऑगस्ट 2021 मध्ये आई गेली. डिक्री आली जानेवारी 2023 मध्ये. धाकटीचा नवरा मे 2022 मध्ये वारला.

मोठी पात्र आहे. आई जिवंत असताना तिचा अर्ज कोर्टात दाखल झालेला होता. पेन्शन तिला जानेवारी 2023 मधल्या डिक्रीच्या तारखेपासून मिळेल. ऑगस्ट 2021 ते जानेवारी 2023 या मधल्या काळाचं तिला काही मिळणार नाही, कारण त्या काळात ती कायद्याने विवाहितच होती.

धाकटी पात्र नाही. तिचा नवरा वारला तेव्हा आई जाऊन नऊ महिने झाले होते. मोठी पुढे कधी पेन्शनमधून बाहेर पडली, तिचा मृत्यू झाला किंवा तिने पुन्हा लग्न केलं, तरी धाकटीची पाळी येणार नाही. इथे लोक फार चुकतात. त्यांना वाटतं की बहिणीनंतर आपला नंबर आहेच. पण नंबर असण्यासाठी आई-वडिलांपैकी जो नंतर गेला, त्याच्या मृत्यूच्या दिवशीच तुम्ही पात्रांच्या रांगेत असायला हवं. रांगेत उभं राहण्याची शेवटची संधी त्या दिवशी संपते. मोठीसारखं कोर्टात आधीच सुरू असलेलं घटस्फोटाचं प्रकरण हा त्याला 2017 मध्ये मिळालेला अपवाद.

आता याच कुटुंबात एकच गोष्ट बदलू. मोठीने अर्ज फेब्रुवारी 2019 ऐवजी, आई गेल्यावर, म्हणजे सप्टेंबर 2021 मध्ये दाखल केला असता तर? 2014 पासून माहेरी राहत असूनही, शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असूनही, रेशन कार्डावर आईच्या नावाखाली नाव असूनही, तिला काही मिळालं नसतं. माहेरी राहणं हा पुरावा नाही, कोर्टातला अर्ज हा पुरावा आहे. आमच्याकडे घराघरांत "आईला या वयात कोर्टकचेरी दाखवायची नाही" असं म्हणून हे पाऊल लांबवतात. भावना समजते, पण तिची किंमत मुलीला उरलेलं सगळं आयुष्य मोजावी लागू शकते, हे निर्णय घेताना माहीत तरी असावं.

कोर्टात "काहीतरी" चालू असणं पुरत नाही, हेही इथेच सांगायला हवं. पोटगीचा अर्ज किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार म्हणजे घटस्फोटाची कार्यवाही नव्हे. कित्येक बायका वर्षानुवर्षं फक्त पोटगीची केस लढतात, घटस्फोट मागतच नाहीत, कारण त्यांना तो नको असतो किंवा वकिलाने सुचवलेला नसतो. फॅमिली पेन्शनसाठी त्या केसचा नंबर उपयोगी पडत नाही. न्यायिक विभक्ततेचा आदेश मिळाला असेल तरी लग्न टिकूनच आहे, त्यामुळे तोही घटस्फोट नाही. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर दोघांचा संयुक्त अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस धरायचा. निकाल त्यानंतर काही महिन्यांनी येतो.

आणि परित्यक्ता? नवऱ्याने टाकलेली, वीस वर्षं माहेरी राहणारी, पण कागदोपत्री विवाहित असलेली बाई या नियमात कुठेच बसत नाही. महाराष्ट्रात अशा बायका किती आहेत हे कोणाला सांगायला नको. माझ्या मते हा या नियमातला सर्वात मोठा खड्डा आहे. पण आहे तो असा आहे, आणि त्यातून बाहेर येण्याचा रस्ता आई-वडील असताना कोर्टातूनच जातो.

स्टँप पेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी किंवा पंचांसमोर झालेली फारकत याबद्दलही सावध राहा. काही समाजांत रूढीने घटस्फोट चालतो आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने अशा रूढीला जागा ठेवली आहे. पण ती रूढी त्या समाजात खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि पेन्शनचं ऑफिस ते काम करत नाही. ते सक्षम न्यायालयाचा कागद मागतं. नोटरीचा शिक्का असलेला कागद घेऊन गेलेली बाई परत येते, हे गृहीत धरूनच चाला.

तारीख जुळली की पुढचा प्रश्न येतो उत्पन्नाचा. मुलीचं दरमहाचं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन अधिक त्यावरची महागाई सवलत या रकमेपेक्षा कमी असायला हवं. त्या रकमेइतकं झालं तरी ती "कमावती" ठरते. किमान फॅमिली पेन्शन जानेवारी 2016 पासून 9,000 रुपये आहे. महागाई सवलत दर सहा महिन्यांनी हलते, त्यामुळे ही मर्यादाही हलते. जुलै 2025 पासूनचा दर 58 टक्के, म्हणजे त्या काळासाठी मर्यादा 14,220 रुपये. वर्तमानपत्रात मध्यंतरी "उत्पन्न मर्यादा वाढली" अशा बातम्या आल्या होत्या. ती सवलत दिव्यांग मुला-मुलींसाठी आणि दिव्यांग भावंडांसाठी आहे. विधवा, घटस्फोटित मुलींना हाच 9,000 अधिक महागाईचा आकडा लागतो.

हे उत्पन्न दोन वेळा तपासलं जातं. एकदा आई-वडिलांपैकी शेवटचा जो गेला त्या दिवशी, आणि पुन्हा तिची पेन्शन सुरू व्हायची असते त्या दिवशी. केंद्राने सप्टेंबर 2013 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आपल्या उदाहरणातली मोठी बहीण घरी शिवणकाम आणि दोन-चार मुलांच्या शिकवण्या करून 8,000 रुपये मिळवते असं धरू. ऑगस्ट 2021 मध्ये महागाई सवलत 31 टक्के होती, म्हणजे मर्यादा 11,790 रुपये. ती पास झाली. जानेवारी 2023 मध्ये सवलत 42 टक्के, मर्यादा 12,780. इथेही पास व्हायला हवी.

पण मधे आई गेली आहे, आणि आईच्या नावावर बँकेत 12 लाखांची मुदत ठेव होती. दोघी बहिणींनी ती निम्मी निम्मी केली. मोठीच्या वाट्याला 6 लाख आले. 6.5 टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज 39,000 रुपये, महिन्याला 3,250. शिवणकामाचे 8,000 मिळवले तर 11,250. अजून मर्यादेच्या आत. आता समजा धाकटीने चांगुलपणाने म्हटलं, "तुझं तसं काही नाही, ठेव तूच ठेव," आणि सगळे 12 लाख मोठीच्या नावावर झाले. व्याज महिन्याला 6,500. एकूण 14,500. मर्यादा 12,780. मोठी अपात्र.

बहिणीच्या मायेने ती अपात्र झाली! हा सापळा फार कमी लोकांना माहीत असतो, कारण उत्पन्न म्हटलं की डोळ्यांसमोर पगार येतो. व्याज आणि घरभाडं हेही उत्पन्नच आहे. आईच्या पश्चात घरातल्या मालमत्तेची वाटणी करताना मुलीच्या नावावर किती उत्पन्न येतं हे एकदा कागदावर मांडून पाहावं. लपवून ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. पॅन जोडलेलं असतं, व्याजावरचा कर कापला जातो, आणि पुढे वसुली निघाली तर ती याच पेन्शनमधून होते.

आता थोडं रांगेबद्दल. आईनंतर लगेच घटस्फोटित मुलीचा नंबर लागेलच असं नाही. 25 वर्षांच्या आतलं अविवाहित आणि न कमावणारं भावंड असेल तर ते आधी. आई-वडिलांवर अवलंबून असलेलं, कायमचं दिव्यांगत्व असलेलं भावंड असेल तर तेही आधी, आणि त्याला ती पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. त्यानंतर 25 वरच्या अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुली एकाच गटात येतात. त्यांच्यात वयाने मोठी ती आधी. पेन्शन बहिणींमध्ये वाटली जात नाही, एकीनंतर दुसरीला मिळते. अपवाद जुळ्यांचा, त्यांना समान वाटा. मुलीच्या मुलांना, म्हणजे नातवंडांना, ही पेन्शन जात नाही.

मृत्युपत्राने यात काही बदलत नाही. आईने "माझ्यामागे पेन्शन धाकट्या मुलीला द्यावी" असं कितीही स्पष्ट लिहून ठेवलं तरी त्याला किंमत नाही, कारण फॅमिली पेन्शन ही मृत माणसाची मालमत्ताच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये व्हायोलेट इसाक प्रकरणात हे नीट सांगितलं आहे. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने भावाच्या नावाने मृत्युपत्र केलं होतं आणि भाऊ फॅमिली पेन्शनवर हक्क सांगत होता. न्यायालय म्हणालं, नियमात ज्याचं नाव बसतं त्यालाच ती मिळेल, मृत्युपत्राने ती फिरवता येत नाही. म्हणून कोणी वारसा प्रमाणपत्र आणायला सांगत असेल, तर ते नेमकं कशासाठी हवं आहे, हे लेखी विचारा. आईच्या खात्यातल्या शिल्लक रकमेसाठी बँक ते मागू शकते. मुलीच्या फॅमिली पेन्शनचा हक्क मात्र वारसाहक्काचा नाही.

रक्कम किती? सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के. सुरुवातीची काही वर्षं मिळणाऱ्या वाढीव दराचा काळ सहसा आईच्या हयातीतच संपलेला असतो. सातव्या वेतन आयोगानुसार वडिलांचं वेतन 56,900 रुपये धरलं जात असेल तर मोठीची मूळ फॅमिली पेन्शन 17,070 रुपये. जानेवारी 2023 मध्ये महागाई सवलतीसह 24,240, आणि 58 टक्क्यांच्या दराने 26,971 रुपये. वाचताना एक प्रश्न पडेल: ही रक्कम तर 14,220 च्या वर गेली, मग ती कमावती ठरली का? नाही. या पेन्शनव्यतिरिक्त तिचं जे उत्पन्न आहे तेच मोजायचं.

अर्ज करण्याचा रस्ता. पहिली गोष्ट म्हणजे बँक हे काम करत नाही. आईच्या बाबतीत बँकेनेच काम केलं होतं, कारण वडिलांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, आईचं नाव आधीपासून छापलेलं होतं. मुलीचं नाव तिथे नसतं. तिच्यासाठी नवीन मंजुरी लागते आणि ती वडील जिथून निवृत्त झाले त्या ऑफिसातून सुरू होते. कार्यालयप्रमुखांकडे फॅमिली पेन्शनचा ठरावीक नमुन्यातला अर्ज द्यायचा. तिथून प्रकरण वेतन व लेखा कार्यालयात जातं, तिथून दिल्लीतल्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयात, आणि तिथून बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्राकडे. टपाल, रेल्वे आणि संरक्षण यांची स्वतःची लेखा व्यवस्था आहे, तिथे मधले थांबे वेगळे असतात. पण सुरुवात सगळीकडे मूळ ऑफिसातूनच. लोक बँकेच्या शाखेत सहा-सहा महिने फेऱ्या मारतात आणि तिथल्या बिचाऱ्या क्लार्कवर चिडतात, त्याच्या हातात खरोखर काही नसतं.

सोबत आई आणि वडील दोघांचे मृत्यू दाखले, पीपीओची प्रत, डिक्रीची प्रमाणित प्रत किंवा नवऱ्याचा मृत्यू दाखला, जन्मतारखेचा आणि नात्याचा पुरावा, पॅन, आधार, बँक पासबुक, आणि उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला. डिक्री आईच्या मृत्यूनंतरची असेल तर एक कागद जास्त लागतो आणि सगळ्यांत जास्त प्रकरणं त्यावाचून परत येतात: मूळ घटस्फोट अर्जाची दाखल तारखेसह प्रमाणित प्रत. डिक्रीवर निकालाची तारीख ठळक असते. दाखल तारीख कुठेतरी बारीक अक्षरात असते किंवा फक्त केस नंबरातलं वर्ष दिसतं. आई गेली त्याच वर्षी अर्ज दाखल झाला असेल तर वर्षावरून काही कळत नाही, महिना-दिवस लागतो. कोर्टाच्या नक्कल विभागातून ती प्रत डिक्रीसोबतच काढून घ्यावी. दहा वर्षांनी रेकॉर्ड रूममधून काढायला लागली तर वेगळीच यात्रा होते.

लग्नानंतर बदललेलं नाव हा दुसरा हमखास घोळ. वडिलांच्या सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, डिक्रीत तिसरंच स्पेलिंग. तिघी एकच आहेत हे दाखवायला विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि बँक खातं एका नावावर आणलं तर निम्मी पत्रापत्री वाचते.

हा लेख वाचणारा पेन्शनर स्वतः हयात असेल तर त्याने आज एक काम करावं. आपल्या जुन्या ऑफिसात कुटुंबाच्या तपशिलाचा जो फॉर्म दिलेला आहे, त्यात सगळ्या मुलींची नावं आहेत का ते पाहावं. कित्येक वडील मुलीचं लग्न झाल्यावर तिचं नाव त्यातून काढायला सांगतात, किंवा निवृत्तीच्या वेळी फक्त बायकोचं नाव लिहितात. केंद्राने स्पष्ट केलं आहे की मुलीचं नाव कुटुंबाच्या तपशिलात असायला हवं. पेन्शन मिळेल की नाही हा प्रश्न नंतरचा, तो त्या वेळच्या नियमांनी ठरेल. मुलगी विधवा झाली किंवा घटस्फोटाची केस दाखल झाली, तर तेही कागदपत्रांसह लेखी कळवून पोच घ्यावी. नाव नसेल तर वीस वर्षांनी तिला आपण या माणसाची मुलगी आहोत इथून सुरुवात करावी लागते.

ऑफिसने नकार दिला तर तो लेखी आणि कारणासह मागावा. "नियमात बसत नाही" एवढ्यावर उठू नये, कोणती अट पूर्ण होत नाही ते लिहून घ्यावं. जुने कर्मचारी 2017 च्या आधीची समजूत धरून "डिक्री मृत्यूनंतरची आहे" म्हणून फाइल बाजूला ठेवतात, अशा वेळी 19 जुलै 2017 चा आदेश आणि नियम 50 दाखवला की बोलणं बदलतं. केंद्राच्या पेन्शन पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. अर्जाला उशीर झाला म्हणून घाबरू नका. पात्रता जुनी असेल तर ती सिद्ध करता येते, फक्त कागद जितके जुने तितके ते मिळवणं जड.

पेन्शन सुरू झाल्यावर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. मुलीला त्याशिवाय वर्षातून एकदा आणखी दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: मी पुन्हा लग्न केलेलं नाही, आणि मी कमावती झालेले नाही. पुनर्विवाह झाला किंवा उत्पन्न त्या हलत्या मर्यादेला पोचलं, की पेन्शन थांबते, आणि ते बँकेला कळवण्याची जबाबदारी तिची. जिला 15,000 रुपयांची नोकरी चालून आली आहे आणि 26,971 रुपयांची पेन्शन चालू आहे, तिने नोकरी घ्यायच्या आधी हा हिशेब जरूर मांडावा. महागाई सवलत वाढेल तशी मर्यादाही वर जाते, पण पगारही वाढतोच, आणि मर्यादा ओलांडून घेतलेल्या महिन्यांची रक्कम बँक नंतर परत मागते.